टोकन दिलं, तरी खोली गेली: करार नेमका झाला कधी?

भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 10 वाणिज्य शाखेच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतं. सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर प्रतिफल, कायदेशीर उद्दिष्ट, आणि कायद्याने आधीच शून्य ठरवलेला नसलेला ठराव. यादी बरोबर असते. पण एखादं साधं प्रकरण पुढे ठेवून 'इथे करार झाला का?' असं विचारलं, की उत्तर अडखळतं. कलम 10 हे दोन पक्षांमध्ये ठराव झालेला आहे असं धरून चालतं आणि मग तो न्यायालयात टिकेल का, एवढंच तपासतं. ठराव झाला का, कोणत्या क्षणी झाला आणि कोणत्या अटींवर झाला, हे त्याआधी शोधावं लागतं, आणि खऱ्या भांडणात सगळा जोर तिथेच असतो. म्हणून खालचं प्रकरण याच क्रमाने सोडवलं आहे. ते वर्गासाठी बेतलेलं आहे, पण त्यातली एकही गोष्ट जगावेगळी नाही.

घडलं ते असं

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा खोली शोधतोय. एका फाटकावर पाटी दिसते: 'खोली भाड्याने देणे आहे. विद्यार्थ्यांना प्राधान्य.' तो सोमवारी फोन करतो. घरमालक काका सांगतात, "भाडं नऊ हजार. त्याच्या खाली परवडत नाही." संध्याकाळी खोली पाहून मुलगा म्हणतो, "काका, साडेआठ हजारांत जमवा ना." काका म्हणतात, "नाही जमणार." मुलगा निघून येतो.

बुधवारी सकाळी तो व्हॉट्सॲपवर लिहितो: "काका, नऊ हजार मान्य. मी येतो." दुपारी काकांचं उत्तर येतं: "ठीक आहे. एक तारखेपासून अकरा महिने. डिपॉझिट सत्तावीस हजार. दोन हजार टोकन पाठवून द्या, म्हणजे खोली इतरांना दाखवत नाही." रात्री मुलगा यूपीआयने दोन हजार पाठवतो आणि लिहितो, "पाठवले. डिपॉझिट सामान आणताना देतो." दोन्ही टिका निळ्या होतात. काका पुढे काही लिहीत नाहीत.

त्याच आठवड्यात मुलगा जुन्या फर्निचरच्या दुकानातून टेबल घेतो. त्या खरेदीकडे पुढे येऊ, कारण खोलीच्या प्रकरणातला एक पेच तिथे जास्त स्वच्छ दिसतो.

अठ्ठावीस तारखेला काकांचा फोन येतो. दुसऱ्या एका कुटुंबाने साडेदहा हजार देऊ केलेत, त्यांना खोली दिली. "तुझे दोन हजार परत पाठवतो. नुसतं टोकन तर घेतलं होतं. कागद कुठे केला होता आपण?" मुलाला घाईघाईत त्याच भागात तशीच खोली नऊ हजार आठशे रुपये भाड्याने घ्यावी लागते.

प्रश्न एवढाच: काकांनी करार मोडला, की मोडण्यासारखा करार झालाच नव्हता?

पाटीपासून टोकनपर्यंत

पाटीपासून सुरुवात करू. ती प्रस्ताव नाही, प्रस्ताव मागवणारं निमंत्रण आहे. कलम 2(अ) प्रमाणे प्रस्ताव म्हणजे समोरच्याची संमती मिळवण्याच्या हेतूने, एखादी गोष्ट करायची किंवा न करायची आपली तयारी दाखवणं. पाटी लावणाऱ्याची तशी तयारी अजून नसते. पाटीलाच प्रस्ताव मानलं, तर ती वाचून 'मान्य' म्हणणाऱ्या प्रत्येकाशी काकांचा करार होईल आणि खोली तर एकच आहे.

आता फोनवरचं वाक्य. "भाडं नऊ हजार, त्याच्या खाली परवडत नाही." इथे बहुतेक विद्यार्थी प्रस्ताव शोधतात, कारण आकडा स्पष्ट आहे. पण किंमत सांगणं वेगळं आणि त्या किमतीला द्यायला तयार असणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयासमोर 1951 मध्ये मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा हा दावा आला, तो बंगल्याच्या विक्रीचा होता. मालकाकडून 'दहा हजारांच्या खाली घेणार नाही' असा निरोप आला आणि खरेदीदाराने 'दहा हजार मान्य' म्हणून करार झाल्याचा दावा लावला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कमीत कमी किती घेणार हे सांगण्यात, त्या रकमेला नक्की देतो असं वचन नसतं. काकांचं वाक्य जवळपास त्याच साच्यातलं आहे.

संध्याकाळचं "साडेआठ हजारांत जमवा" हा मात्र मुलाचा प्रस्ताव धरता येतो, आणि काकांनी तो तिथल्या तिथे नाकारला. समजा काकांचं फोनवरचं बोलणं प्रस्तावच होता असं कुणी आग्रहाने मांडलं, तरी साडेआठ हजारांची मागणी हा प्रतिप्रस्ताव ठरतो आणि प्रतिप्रस्तावाने मूळ प्रस्ताव संपतो. इंग्लंडमधल्या 1840 च्या हाइड विरुद्ध रेंच या प्रकरणापासून हे तत्त्व चालत आलं आहे. हजार पौंडांना देऊ केलेली शेतजमीन खरेदीदाराने साडेनऊशेला मागितली, नकार आल्यावर हजार 'मान्य' केले, आणि न्यायालयाने सांगितलं की स्वीकारायला आता प्रस्तावच उरलेला नाही. आपल्याकडे घासाघीस इतकी अंगवळणी पडलेली आहे, की एकदा कमी भाव मागून झाल्यावर जुना भाव आपला हक्काचा राहिलेला नाही हे ध्यानातच येत नाही.

म्हणून बुधवार सकाळचा "नऊ हजार मान्य" हा मेसेज दिसायला स्वीकृती असला, तरी कायद्याच्या नजरेत तो मुलाचा नवा प्रस्ताव आहे. 'मान्य' लिहिलं म्हणजे स्वीकृती झाली असं नाही. स्वीकारण्यासारखं काही समोर होतं का, ते आधी पाहावं लागतं.

दुपारच्या उत्तरात काका "ठीक आहे" म्हणतात आणि पुढे तीन गोष्टी जोडतात: अकरा महिने, सत्तावीस हजार डिपॉझिट, दोन हजार टोकन. कलम 7 सांगतं की स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. नव्या अटी आल्या की "ठीक आहे" या शब्दांना स्वीकृतीचं वजन राहत नाही आणि चेंडू पुन्हा मुलाकडे येतो. या देवाणघेवाणीत काकांचा पहिला खरा प्रस्ताव हाच आहे. भाडं, मुदत, सुरुवातीची तारीख आणि डिपॉझिट असं सगळं त्यात आहे आणि मुलगा हो म्हणाला की काका बांधले जातील एवढी ठोस तयारीही आहे.

रात्री मुलाने टोकन पाठवलं आणि "पाठवले" लिहिलं. स्वीकृती इथे झाली. प्रस्तावात सांगितलेली कृती करणं हीसुद्धा स्वीकृतीच, असं कलम 8 म्हणतं. पण "डिपॉझिट सामान आणताना देतो" हे नवं कलम घुसवल्यासारखं नाही का? माझ्या मते नाही. डिपॉझिट कधी द्यायचं हे काकांनी सांगितलंच नव्हतं. वेळ ठरलेली नसेल तर वचन वाजवी वेळेत पाळायचं, असं कलम 46 सांगतं, आणि ताबा घेताना डिपॉझिट देणं याहून वाजवी वेळ कोणती? मुलाने काकांची अट बदललेली नाही, मोकळी सोडलेली जागा भरली आहे. काकांनी 'डिपॉझिट आजच पाठवा' असं लिहिलं असतं, तर मात्र हेच वाक्य प्रतिप्रस्ताव ठरलं असतं आणि सगळं उत्तर उलटलं असतं. एकाच वाक्याचा अर्थ आधीच्या वाक्यावर असा अवलंबून असतो, म्हणूनच मेसेज तारीख-वेळेच्या क्रमाने वाचावे लागतात.

काका गप्प राहिले, मग त्यांची संमती कुठे आहे, असा प्रश्न नेहमी येतो. गप्प राहणं म्हणजे स्वीकृती नव्हे, हा नियम खरा आहे. पण इथे स्वीकारायचं काम मुलाकडे होतं. काकांची संमती त्यांच्या दुपारच्या मेसेजमध्येच येऊन गेली. मुलाची स्वीकृती त्यांच्यापर्यंत पोचली, त्यांनी ती वाचली, तेव्हा ठराव पूर्ण झाला. टपालाने झालेल्या व्यवहारात स्वीकृती टपालात पडली की प्रस्ताव देणारा बांधला जातो. फोनवरच्या व्यवहारात स्वीकृती प्रस्ताव देणाऱ्याच्या कानावर पडते तेव्हा आणि तिथे करार होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल या 1966 च्या निकालात ठरवलं. व्हॉट्सॲप या दोहोंपैकी कशाच्या जवळचं, यावर वाद घालता येईल. आपल्या प्रकरणात त्याची गरज पडत नाही, कारण मेसेज पाठवलाही गेला आणि वाचलाही गेला, दोन्ही कसोट्या पूर्ण झाल्या. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 10-अ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने करार अंमलबजावणीला अपात्र ठरत नाही.

टोकनचं खरं काम

काकाही चुकतात आणि मुलगाही चुकतो, ते टोकनबद्दल. काकांना वाटतं टोकन म्हणजे अर्धवट बोलणी, खरा व्यवहार कागदावर. मुलाला वाटतं पैसे गेले म्हणून करार झाला. करार टोकनमुळे होत नाही आणि टोकन घेतलं म्हणून तो अडतही नाही.

प्रतिफल म्हणजे मोजून दिलेली रोकड, अशी समजूत या गोंधळाच्या मुळाशी आहे. कलम 2(ड) प्रमाणे काही करण्याचं वचनसुद्धा प्रतिफल असतं. मुलाने दरमहा नऊ हजार देण्याचं वचन दिलं, काकांनी खोली वापरायला देण्याचं वचन दिलं. ही दोन वचनं एकमेकांचं प्रतिफल आहेत. एक रुपयाही हातात पडलेला नसताना प्रतिफलाची अट पूर्ण होऊ शकते.

मग टोकन कशासाठी? या प्रकरणात त्याची दोन कामं दिसतात. एक, ती स्वीकारण्याची काकांनी सांगितलेली पद्धत आहे. दोन, मुलगा खरंच येणार याची हमी आहे. समजा मुलाने टोकन न पाठवता नुसतं "सगळं मान्य" लिहिलं असतं, तर? कलम 7 मध्ये याचं उत्तर आहे. प्रस्तावात पद्धत सांगितली असेल आणि स्वीकृती वेगळ्या पद्धतीने आली, तर प्रस्ताव देणारा वाजवी वेळेत 'माझ्याच पद्धतीने स्वीकारा' असा आग्रह धरू शकतो. त्याने तसा आग्रह धरला नाही, तर त्याने ती स्वीकृती चालवून घेतली असं धरलं जातं. म्हणजे तेव्हाही काकांना गप्प बसून चाललं नसतं, 'टोकन आल्याशिवाय नक्की नाही' असं सांगावं लागलं असतं.

उलट बाजू पाहू. मुलानेच ऐनवेळी खोली नाकारली असती, तर काकांना दोन हजार ठेवता आले असते का? फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या 1963 च्या निकालात 1,12,500 रुपयांच्या मालमत्तेच्या व्यवहारात खरेदीदाराने हजार रुपये इसारा म्हणून आणि चोवीस हजार नंतर दिले होते. व्यवहार फिसकटल्यावर विक्रेत्याला इसाऱ्याचे हजार ठेवता आले, पण चोवीस हजार जप्त करण्याची अट न्यायालयाने दंडासारखी मानली. कलम 74 वाजवी भरपाईपुरतंच जातं. दोन हजारांचं टोकन नऊ हजार भाड्याच्या व्यवहारात लहान आहे, त्यामुळे खोली काही दिवस रिकामी राहिली असेल तर काकांचं म्हणणं पटण्यासारखं असेल. दुसऱ्याच दिवशी जास्त भाड्याने खोली गेली असेल, तर तोटा कोणता हे दाखवणं काकांना जड जाईल.

टेबल आणि चुकीची चिठ्ठी

आता दुकान. जुन्या टेबलावर 1,800 ची चिठ्ठी होती. मुलगा म्हणाला, "हे घेतो." दुकानदार म्हणाला, "ती चिठ्ठी शेजारच्या खुर्चीची, सरकून इकडे आलीय. टेबल 3,800 ला आहे." मुलगा अडला, "चिठ्ठीवर लिहिलंय त्या भावाला द्यावंच लागेल." करार कायद्यापुरतं पाहिलं तर द्यावं लागत नाही. दुकानात मांडलेली वस्तू आणि तिच्यावरची किंमत हे फाटकावरच्या पाटीसारखंच निमंत्रण आहे. 'घेतो' म्हणणारा गिऱ्हाईक प्रस्ताव देतो, आणि तो स्वीकारायचा की नाही हे दुकानदाराच्या हातात राहतं. बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या 1953 च्या इंग्लिश प्रकरणात फळीवरच्या बाटल्यांबद्दल हाच निर्णय झाला. ग्राहकाने बाटली टोपलीत टाकली म्हणून विक्री होत नाही, गल्ल्यावर पैसे घेतले जातात तेव्हा होते.

पण हे उत्तर करार कायद्यापुरतंच आहे. पाकीटबंद मालावर छापलेल्या कमाल किमतीहून जास्त घेता येत नाही, तो वजनमापविषयक नियमांचा भाग आहे, आणि मुद्दाम कमी भाव लावून गिऱ्हाइकाला आत ओढणं ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. परीक्षेत आणि व्यवहारातही हे प्रश्न वेगळे ठेवावेत. 'करार झाला नाही' म्हणजे 'दुकानदार सुटला' असं होत नाही.

शेवटी 3,200 ला सौदा ठरला. सौदा ठरताना दुकानदार म्हणाला होता, "अस्सल सागवान आहे." घरी नेल्यावर ते वर सागाचा पत्रा चिकटवलेलं प्लायवूड निघालं. मुक्त संमतीचा मुद्दा इथे येतो. ठराव आहे, प्रतिफल आहे, दोघंही सक्षम आहेत, फक्त मुलाचा होकार चुकीच्या माहितीवर उभा आहे. दुकानदाराला खोटं माहीत होतं तर तो कपट, स्वतःच फसलेला होता तर दुर्व्यपदेश. कलम 19 प्रमाणे दोन्हीत करार आपोआप शून्य होत नाही. तो शून्यकरणीय होतो, म्हणजे ठेवायचा की मोडायचा हे मुलाच्या इच्छेवर. त्याला टेबल आवडलं आणि त्याने ठेवलं, तर करार पूर्ण वैध राहतो. साध्या दुर्व्यपदेशात एक अडचण आहे: नेहमीच्या चौकसपणाने खरं कळलं असतं, तर करार मोडण्याचा हक्क मिळत नाही. टेबल उलटं करून पाहिलं असतं तर प्लायवूडची कड दिसली असती का, यावर तिथे सगळं ठरेल.

एकच गोष्ट बदलली तर: वय

आता खोलीच्या प्रकरणात मुलगा एकोणीसऐवजी सतरा वर्षांचा होता असं समजा. बाकी सगळं तसंच. तेच मेसेज, तेच टोकन. अज्ञान मुलाला कायदा सांभाळतो, म्हणून मुलगा काकांना कोर्टात खेचू शकेल, असं उत्तर सहज सुचतं. पण ते चूक आहे.

मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या 1903 च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की अज्ञानाचा करार मुळापासून शून्य असतो. तो नुसता मोडता येण्याजोगा नसतो. त्या प्रकरणात अज्ञान मुलाने घरं गहाण ठेवून कर्ज घेतलं होतं आणि सावकाराच्या माणसाला त्याचं वय माहीत होतं. सावकार हरला. यातून विद्यार्थी एवढंच घेतात की अज्ञानाविरुद्ध दावा चालत नाही. पण शून्य म्हणजे दोन्ही बाजूंनी शून्य. अजून दोघांनीही वचनं पाळायची आहेत अशा अवस्थेत अज्ञानालाही त्या वचनांच्या जोरावर भरपाई मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेलं राजरानी विरुद्ध प्रेम अदीब हे प्रकरण याच मुद्द्यावर आहे: अज्ञान अभिनेत्रीच्या वतीने वडिलांनी चित्रपटातल्या कामाचा करार केला, निर्मात्याने तो पाळला नाही, आणि तिचा दावा टिकला नाही.

अज्ञानाने आपली बाजू पूर्ण करून टाकली असेल, उदाहरणार्थ पैसे देऊन टेबल घेतलं असेल, तर त्याला मिळालेला लाभ कायदा राखतो. म्हणून सतरा वर्षांच्या मुलालाही दुकानात वस्तू विकत घेता येते. पण अकरा महिन्यांच्या खोलीचा व्यवहार टोकन देऊन पूर्ण होत नाही. म्हणून तिथे सोपा मार्ग हाच, की वडील किंवा आई स्वतः पक्षकार होऊन स्वतःच्या नावावर खोली घेतात आणि मुलगा तिथे राहतो.

प्रत्यक्ष राहायला गेल्यावर मात्र कलम 68 लागू होऊ शकतं. शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलाला डोक्यावरचं छप्पर ही जीवनावश्यक गोष्ट म्हणता येते, आणि ती पुरवणाऱ्याला त्याच्या मालमत्तेतून वाजवी मोबदला मिळतो. मोबदला मालमत्तेतूनच मिळतो. मुलगा स्वतः वैयक्तिकरीत्या देणेकरी होत नाही.

उद्दिष्टाच्या कायदेशीरपणाबद्दल या प्रकरणात फारसं बोलण्यासारखं नाही. राहण्यासाठी खोली घेणं कायदेशीर आहे. तीच खोली जुगाराचा अड्डा चालवण्यासाठी मागितली असती आणि काकांना ते माहीत असतं, तर कलम 23 प्रमाणे सगळं शून्य झालं असतं. आणि सख्ख्या मामाने "ये, सुट्टीभर राहा आमच्याकडे" म्हटलं असतं, तर कायदेशीर बंधन निर्माण करण्याचा हेतूच नाही, म्हणून करारही नाही.

"कागद कुठे आहे?"

काकांचा सगळ्यात भक्कम वाटणारा बचाव हा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. करार कायदा सर्वसाधारणपणे लेखी कागद मागत नाही. तोंडी करारही वैध असतो. पण कलम 10 च्या शेवटच्या भागातच म्हटलं आहे की दुसऱ्या एखाद्या कायद्याने लेखी स्वरूप, साक्षीदार किंवा नोंदणी आवश्यक केली असेल, तर तो कायदा लागू राहतो. महाराष्ट्रात असा कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा किंवा भाडेपट्ट्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही' हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याच्या नियमावरून आलं आहे. महाराष्ट्रात कलम 55 मुळे ते लागू पडत नाही.

मग काका जिंकले? कलम 55 पुढे वाचलं तर चित्र बदलतं. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. नियम मोडणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्या माणसावर कागद करण्याची जबाबदारी आहे, त्याने कागद केला नाही हेच सांगून सुटावं, असा या कलमाचा अर्थ मला तरी लावता येत नाही.

तरीही एक मर्यादा मान्य केली पाहिजे. मुलाला ताबा मिळालेला नाही. व्हॉट्सॲपवर झालं ते खोली देण्याचं वचन, खुद्द लिव्ह अँड लायसन्सचा दस्त नव्हे. त्यामुळे 'ती खोली मलाच द्या' असा हुकूम मिळण्याची आशा मुलाने धरू नये, विशेषतः आता तिथे दुसरं कुटुंब राहायला आल्यावर. त्याच्या हातात आहे ती भरपाई.

भरपाईचा हिशोब कलम 73 प्रमाणे होतो. करार मोडल्यामुळे साहजिकपणे जो तोटा होतो, तेवढाच मिळतो. तशीच खोली त्याच भागात 9,800 ला घ्यावी लागली, म्हणजे महिन्याला 800 जास्त, अकरा महिन्यांचे 8,800. हा दाव्याचा गाभा. त्याने रागाच्या भरात पंधरा हजारांची खोली घेतली असती, तर सहा हजारांचा फरक मागता आला नसता, कारण तोटा आटोक्यात ठेवण्याची काळजी त्यानेही घ्यायला हवी. टेबलाचे 3,200 मागता येत नाहीत, टेबल त्याच्याकडेच आहे आणि नव्या खोलीत वापरता येतं. झालेल्या मनस्तापाचेही पैसे अशा व्यवहारात साधारणपणे मिळत नाहीत. काकांना दुसऱ्याकडून महिन्याला दीड हजार जास्त मिळाले, त्यावर मुलाचा हक्क नाही. भरपाई मुलाच्या तोट्यावर मोजली जाते, काकांच्या फायद्यावर नाही.

राहिला परत आलेल्या दोन हजारांचा प्रश्न. अठ्ठावीस तारखेला काकांनी पैसे परत पाठवले आणि लिहिलं, "रक्कम परत केली. हिशोब मिटला." मुलाने लिहिलं, "मिळाले." या एका शब्दावर 8,800 रुपयांचा दावा टिकतो की जातो हे ठरू शकतं. कलम 63 प्रमाणे वचन मिळालेला माणूस ते पूर्णतः किंवा अंशतः सोडून देऊ शकतो, त्याऐवजी दुसरं काही समाधान म्हणून स्वीकारू शकतो, आणि त्यासाठी वेगळं प्रतिफल लागत नाही. मुलाने "ठीक आहे काका, मिटलं" असं लिहिलं असतं, तर त्याने हक्क सोडला असं म्हणायला काकांना जागा मिळाली असती. अंगठ्याचा इमोजी टाकला असता, तरी वाद उभा राहिला असता. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या न्यायालयाने 2023 मध्ये जवसाच्या खरेदीच्या एका प्रकरणात, दोन्ही पक्षांचे आधीचे व्यवहार पाहून, तो इमोजी करारावरची संमती मानला होता. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण मुद्दा आपल्या न्यायालयातही मांडला जाऊ शकतो. "मिळाले" हा शब्द मात्र पैसे पोचल्याची पोचपावती आहे. हिशोब मिटल्याचं काकांनी एकट्यानेच म्हटलं आहे, मुलाने त्याला होकार दिलेला नाही. माझ्या मते त्याचा 8,800 चा दावा शिल्लक आहे.